ज्ञानेश्वरीचा ज्ञानेश्वर झाला तेव्हा

समजा, एका शहरातल्या बससेवेचे पास देणारे मोबाइल ॲप दहा दिवसांत लोकांच्या हाती जायचे आहे. परीक्षकांची ठरलेली तपासणी उरकली आहे. तरी एका गुरुवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत कंपनीतली अठरा माणसे हातातली कामे बाजूला ठेवून हेच ॲप घेऊन बसतात. त्यात प्रोग्रामर असतात, डिझायनर असतात, ग्राहकांचे फोन घेणाऱ्या मुली असतात, हिशेब विभागातले काका असतात. सगळ्यांना एकच काम असते, ॲपमधल्या चुका शोधायचे. सॉफ्टवेअरच्या जगात याला ‘बग बॅश’ म्हणतात.

चुका सापडतातच. मात्र दोन तासांत नोंदवलेल्या ढीगभर चुकांमधून खऱ्या चुका किती, हे दुसऱ्या दिवशी सांगता आले तरच त्या दुपारचा उपयोग झाला असे म्हणायचे. त्याची तयारी आठवडाभर आधीपासून करावी लागते.

सगळ्यात आधी बिल्ड गोठवायचा, म्हणजे त्या दोन तासांत ॲपमध्ये कोणीही बदल करायचा नाही. कुणी मध्येच एखादी दुरुस्ती चढवली, तर तीन वाजता दिसलेली चूक चार वाजता दिसत नाही आणि नोंदवणारा खोटा पडतो. मग प्रत्येकासाठी चाचणीचे खाते तयार करायचे, खोटे पैसे भरण्याची सोय करायची, आणि ज्या चुका आधीच माहीत आहेत त्यांची यादी सगळ्यांना द्यायची. कामाची वाटणीही करावी लागते. तशी केली नाही तर अठराही जण लॉगिनच्या पडद्यापासून सुरुवात करतात आणि पास रद्द करण्याच्या पडद्याकडे कुणी फिरकतही नाही. म्हणून दोघांनी नवा पास काढायचा, दोघांनी नूतनीकरण करायचे, दोघांनी इंटरनेट बंद करून बघायचे, असे ठरवून दिलेले बरे. सर्वाधिक चुका शोधणाऱ्याला बक्षीस ठेवण्याची पद्धत मात्र टाळावी. त्यामुळे माणसे एकाच चुकीचे तीन तुकडे करून नोंदवतात.

सापडलेली प्रत्येक चूक म्हणजे एक टिकेट. जिरा, बगझिला अशा नोंदणी-प्रणालीत ते उघडायचे आणि त्यावर `bugbash` हे लेबल लावायचे, म्हणजे त्या दुपारचा सगळा माल नंतर एका जागी मिळतो. एका टिकेटात एकच चूक लिहायची. काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, फोन कोणता, बिल्ड क्रमांक कोणता, एवढे लिहून पडद्याचा फोटो जोडायचा. यात सर्वात मोलाची गोष्ट, आणि नेमकी तीच गळते, ती म्हणजे टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा देणे. का, ते आता पाहू.

त्या दुपारी ग्राहक-सेवेतली एक मुलगी ‘ज्ञानेश्वरी’ या नावाने पास काढते. पासवर ‘ज्ञानेश्वर’ छापून येते. ती टिकेट टाकते: ‘पासवर नाव चुकीचे’. दुसऱ्या टेबलावर कुणी ‘लक्ष्मीकांत’ टाइप करतो, त्याला आलेल्या एसएमएसमध्ये ‘लक्ष्मीकां’ दिसते. त्याचे टिकेट: ‘एसएमएस अर्धवट येतो’. तिसरी परीक्षक सकाळीच काढून ठेवलेला ज्ञानेश्वरीचा पास पूर्ण नावाने शोधते आणि तो सापडत नाही. टिकेट: ‘शोध चालत नाही’. चौथ्याच्या पासवर ‘शिल्पा’मधली वेलांटी भलत्याच जागी दिसते, म्हणून तोही लिहितो: ‘पासवर नाव चुकीचे’. एक प्रोग्रामर पहिले टिकेट वाचून रोमन लिपीत ‘Dnyaneshwari’ टाइप करून बघतो. सगळे ठीक दिसते. मग तो ‘पुरुषोत्तम’ घालतो, तेही नीट येते. आता टिकेटात नेमके नाव लिहिलेले नसते, तर ‘माझ्याकडे चूक दिसत नाही’ असा शेरा मारून त्याने ते बंद केले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन जण टिकेटे निवडायला बसतात: बग बॅश भरवणारी परीक्षक, पासचा भाग लिहिणारा प्रोग्रामर आणि ग्राहकांना ओळखणारी एक जण. आठवडा जाऊ दिला तर कुणी काय केले होते ते नोंदवणाऱ्यालाच आठवत नाही. नुसती शीर्षके लावून जुळी टिकेटे काढली, तर पहिले आणि चौथे एकाच चुकीचे ठरेल आणि दुसरे, तिसरे वेगळे राहील. खरे चित्र नेमके उलटे आहे.

यूटीएफ-८ या पद्धतीत संगणक देवनागरीतले प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा आणि जोडाक्षरातला हलंतसुद्धा वेगळा साठवतो, आणि प्रत्येकाला तीन बाइट जागा लागते. रोमन अक्षराला एकच बाइट पुरतो. ‘ज्ञानेश्वरी’त अशी अकरा चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट. पासच्या जुन्या सर्व्हरवर नावासाठी ३० बाइट राखलेले असतील, तर शेवटची वेलांटी गळते आणि मुलीचा मुलगा होतो. ‘लक्ष्मीकांत’चीही अकराच चिन्हे, त्यातला शेवटचा ‘त’ जातो. ‘पुरुषोत्तम’ बरोबर दहा चिन्हांत, ३० बाइटांत, मावतो. म्हणजे पहिल्या तीन टिकेटांचे मूळ एक आहे. ‘शिल्पा’चा पास मात्र फाँट आणि अक्षरजुळणीच्या दोषाने बिघडला आहे, त्याचा या जागेशी संबंध नाही.

जुळ्यांपैकी मुख्य टिकेट कोणते ठेवायचे? सर्वात आधी आलेले ठेवावे असे अनेकांना वाटते, पण ज्यातल्या पायऱ्या वाचून चूक पुन्हा घडवता येते ते ठेवणे जास्त सोयीचे. बाकीची बंद करताना त्यांतली नावे, फोटो आणि फोनचे तपशील मुख्य टिकेटात आणायचे आणि दोन्ही एकमेकांना जोडायची. मोझिलाच्या बगझिलामध्ये यासाठी `DUPLICATE` हा शेरा आहे. तो मारला की दोन्ही नोंदींवर एकमेकींचा क्रमांक आपोआप लिहिला जातो. २००८ मध्ये निकोलस बेटनबर्ग आणि सहकाऱ्यांनी एक्लिप्स या मुक्त प्रकल्पाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जुळ्या नोंदींत मूळ नोंदीत नसलेली उपयोगी माहिती असते, असे त्यांना आढळले. आपल्या उदाहरणातही ‘लक्ष्मीकांत’ नसता तर दोष फक्त वेलांटीचा वाटला असता.

जुळ्यांच्या संख्येवरून चुकीचे गांभीर्य ठरवण्याचा मोह इथे आवरावा लागतो. खऱ्या वापरकर्त्यांकडून एकच तक्रार चाळीसदा आली तर तिला वजन आहे. बग बॅशमध्ये माणसे एका खोलीत असतात, शेजाऱ्याला काय सापडले ते ऐकतात आणि तेच करून बघतात.

दुरुस्तीत ३० बाइटांची जागा वाढवली जाते. आता मुख्य टिकेटाच्याच नव्हे, तर त्याला जोडलेल्या प्रत्येक जुळ्या टिकेटाच्या पायऱ्याही पुन्हा चालवून बघायच्या. ज्ञानेश्वरीचा नवा पास बरोबर छापून येतो, लक्ष्मीकांतचा एसएमएसही पूर्ण येतो. पण तिसऱ्या टिकेटातला पास अजूनही शोधून सापडत नाही, कारण तो दुरुस्तीआधी काढलेला आहे आणि त्याचे नाव सर्व्हरवर कापलेलेच पडून आहे. म्हणून ते टिकेट पुन्हा उघडायचे आणि त्याला स्वतंत्र काम द्यायचे: ज्यांची नावे बरोबर ३० बाइटांची आहेत असे सगळे जुने पास शोधून काढणे. त्या यादीत पुरुषोत्तमही येणार आणि कापलेला ज्ञानेश्वरही. कोणते नाव पूर्ण आणि कोणते अर्धे, हे संगणकाला कळत नाही. ग्राहक-सेवेतल्या मुलींना एकेका पासधारकाला फोन करून विचारावे लागते.