गाडी बघायला निघण्याआधीचा फोन

समजा, साताऱ्यातल्या एका गृहस्थांनी नाशिकची 2018 सालची गाडी जाहिरातीत पाहिली. फोटो झकास, भाव बरा. पण जाण्याचाच रस्ता सव्वातीनशे किलोमीटरचा. तेव्हा निघण्याआधी दहा मिनिटांचा एक फोन करायलाच हवा.

पहिलं वाक्य मोघमच ठेवावं: "नमस्कार, गाडीसाठी फोन केलाय." ज्याच्या दारात एकच गाडी आहे तो लगेच बोलू लागतो. पलीकडून "कुठली गाडी साहेब?" असं आलं, तर बोलणारा बहुधा एजंट. एजंटाकडून गाडी घेण्यात गैर काही नाही, पण मग 'घरची गाडी' म्हणून चढवलेला भाव कशाला द्यायचा?

पुढचा प्रश्न, आरसी बुकावर नाव कोणाचं? "वडिलांचं" असं उत्तर आलं तर संकोच न करता विचारावं, ते आहेत ना? मालक हयात नसेल तर नुसत्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर मुलाने सही करून भागत नाही. आधी फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. कर्जाचंही तसंच. "हप्ते कधीच फिटले" हे खरं असेलही, पण आरसीवर बँकेचा बोजा चढलेला असतो, तो आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. ते हातात आहेत का, एवढंच विचारायचं.

अपघाताबद्दल थेट विचारलं तर "एक ओरखडा नाही" हेच ऐकायला मिळतं. त्याऐवजी विचारावं, "चालू पॉलिसीत नो क्लेम बोनस किती टक्के आहे?" क्लेम न घेता पहिलं वर्ष गेलं की 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50, अशी ही सवलत वाढते, क्लेम घेतला की साधारणपणे पुन्हा शून्यावर येते. नाशिकचे मालक म्हणाले, "वीस टक्के." गाडी पहिल्यापासून त्यांच्याकडेच, विमा एकदाही खंडित नाही, मग वीसच का? म्हणजे मागच्या एक-दोन वर्षांत क्लेम झालेला असणार. तो बंपरचा होता की पुराच्या पाण्याचा, हे आता विचारता येतं. मात्र हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे दुसऱ्या हातातल्या गाडीला हा हिशेब तितका लागू पडत नाही.

बोलणं पटलं तर पॉलिसीचा आणि आरसीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवावा. गाडीचा नंबर द्यायलाच जो कांकूं करतो, त्याच्याकडे जाऊ नये.

फोन ठेवताना एक विनंती: "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." गार इंजिन सुरू होताना कुरकुरतं, धूर टाकतं, आधीच तापवून ठेवलं तर हे दोष झाकले जातात. पोचल्यावर किल्ली मागण्याआधी बॉनेटला हात लावून बघावा.