आधी आवरा, मग कपाट घ्या

१४ एप्रिल तोंडावर आला, की आर्णीत आपल्या वस्तीत घरे रंगू लागतात आणि नव्या कपाटाचा विषय निघतो. आमच्याकडेही निघाला. बैठकीची खोली दहा बाय बारा फुटांची. चार फुटी कपाट सांगणार, तोच आई म्हणाली, "अगोदर त्यात भरायचे काय, ते तर पाहा!"

एका रविवारी पेट्यांतले, माळ्यावरचे, पलंगाखालचे सारे अंगणात काढले. तीन ढीग केले: वर्षभरात वापरलेले, दुरुस्तीचे आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे. दुरुस्तीच्या ढिगाला आठ दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात जे दुरुस्त झाले नाही, ते भंगारात गेले.

कागद मात्र शेवटी, एकेक वाचूनच बाजूला करावेत. आमच्या रद्दीत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला. जात पडताळणीच्या वेळी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा असा पुरावा मोलाचा ठरतो. तो रद्दीवाल्याकडे गेला असता, तर मुलांना जड गेले असते. अशा कागदांची वेगळी फाईल केली.

उरलेले सामान रचून मापले, तर अडीच फुटी कपाट पुरेसे होते. तरी घाई केली नाही. जमिनीवर खडूने दोन्ही मापे आखली आणि पुढे दार उघडून माणूस उभा राहील एवढी जागा धरली. दोन दिवस त्या रेषांबाहेरून वावरलो. चार फुटी कपाटाने स्वयंपाकघराची वाट अडली असती, हे तेव्हा दिसले. मग मापाचा कागद घेऊनच सुताराकडे गेलो.