ज्याचा रिपोर्ट, त्याला आधी

चाचण्यांचे तीन दिवस संपले. आठवड्याने रिपोर्ट तयार झाला. आई-बाबा आत मानसशास्त्रज्ञांसमोर बसले आहेत आणि नववीतला मुलगा बाहेर बाकावर मोबाइल चाळतो आहे. अर्ध्या तासाने दार उघडतं. आईचे डोळे लाल आहेत, बाबा गप्प आहेत. "काय झालं?" मुलगा विचारतो. "काही नाही रे, सगळं ठीक आहे. थोडा अभ्यास वाढवायचा."

मुलगा त्या क्षणी दोन निष्कर्ष काढतो. आपल्यात काहीतरी मोठं बिघडलेलं आहे, आणि ते आपल्याला सांगण्यासारखंही नाही. रिपोर्टमध्ये यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी येणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या बाबतीत हे वारंवार घडतं. बुद्ध्यंक मोजला जातो, वाचन-लेखन तपासलं जातं, रिपोर्टची पानं टाइप होतात, पण ज्याच्याबद्दल ती आहेत त्याला समोर बसवून निकाल समजावणं राहून जातं. ती बैठक नीट कशी होते, हे अशा अनेक मुलांच्या अनुभवांतून जुळवलेल्या एका उदाहरणावरून पाहू.

मुलगा मराठी माध्यमातला. वर्गात तोंडी उत्तरं चटकन देतो, पेपरात मात्र निम्मे प्रश्न सुटतात. शिक्षकांचा शेरा ठरलेला: 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' चाचण्या सुरू होण्याआधी मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला विचारलं होतं, "या सगळ्यातून तुला स्वतःला काय कळायला हवं?" बराच वेळ खाली बघून तो म्हणाला, "मी ढ आहे का, ते." बाईंनी हा प्रश्न त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घेतला. पुढची बैठक याच प्रश्नाभोवती झाली. असा प्रश्न आधी विचारून ठेवला, की निकाल मुलाला स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर वाटतो. नाहीतर ते मोठ्यांनी मिळून ठरवलेलं प्रगतिपुस्तक होतं.

बैठक तासाभराची ठेवावी आणि पहिला बराचसा वेळ मुलाला एकट्याला द्यावा. सुरुवातीलाच दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात: आई-बाबांना काय सांगितलं जाईल आणि शाळेला काय कळवलं जाईल. "तू बोललेलं सगळं मी घरी सांगणार नाही. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला गप्प राहता येणार नाही," हे वाक्य आधी बोललं गेलं पाहिजे. मन मोकळं केल्यावर ही अट ऐकली, तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं.

मग निकाल कोणत्या क्रमाने सांगायचा? अमेरिकेतल्या टेक्सासमधले मानसशास्त्रज्ञ स्टीफन फिन यांनी यासाठी एक सोपी मांडणी केली आहे. ते निष्कर्षांचे तीन थर करतात. पहिल्या थरात माणसाला स्वतःबद्दल आधीच माहीत असलेलं येतं. दुसऱ्यात त्या माहितीला थोडं वळण देणारं, नवं नाव देणारं येतं. तिसऱ्या थरातल्या गोष्टी त्याच्या स्वतःच्या समजुतीला धक्का देतात. सांगायचं याच क्रमाने. पहिला थर ऐकताना 'हे मला ओळखतात' असा विश्वास बसतो आणि त्याच्याच आधारावर तिसरा पेलवतो. फिन आणि मेरी टॉन्सेजर यांनी 1992 मध्ये समुपदेशनासाठी थांबलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चाचणीचा निकाल ज्यांना अशा रीतीने, संवादातून समजावला गेला, त्यांचा मानसिक त्रास कमी झाला आणि स्वतःबद्दलचं मत सुधारलं. ती मुलं आपल्या नववीतल्या मुलापेक्षा मोठी होती, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

बाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवलाच नाही. त्यांनी आधी विचारलं, "तीन दिवसांत सगळ्यात कंटाळवाणं काय होतं?" उत्तर लगेच आलं: "ती चिन्हं भराभर उतरवायची होती ना, ते. आणि वाचायला लावलं ते." "आणि सोपं?" "शब्दांचे अर्थ." बाई म्हणाल्या, "चाचण्यांतही नेमकं हेच आलंय." हा पहिला थर. मुलगा खुर्चीत जरा पुढे सरकला.

दुसऱ्या थरासाठी बाईंनी दोन कागद काढले. पहिल्यावर त्याने स्वतः वाचून सोडवलेला उतारा होता. दहापैकी तीन उत्तरं बरोबर होती. दुसऱ्यावर तेवढ्याच अवघड उताऱ्याची उत्तरं होती, पण तो बाईंनी त्याला वाचून दाखवला होता. त्यात दहापैकी आठ बरोबर. "दोन्ही वेळा डोकं तुझंच होतं," बाई म्हणाल्या. "मग मधले पाच गुण गेले कुठे?" मुलगा कागदांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "वाचण्यात." मग त्यांनी त्याचं शुद्धलेखन दाखवलं. 'प्रश्न'चं 'प्रशन' झालं होतं, 'विद्यार्थी'तला रफार गळला होता, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिला होता. निष्काळजीपणाच्या चुका इतक्या नेमाने जोडाक्षरांवरच होत नाहीत. आळशीपणा आणि अडचण यांतला फरक त्याला स्वतःच्या अक्षरात दिसला.

आकड्यांचा प्रश्न इथेच येतो. "माझा आयक्यू किती?" मुलं हे विचारतातच, आणि टाळाटाळ केली तर वाईटच असणार असं धरून चालतात. आकडा सांगावा, पण तो वाचायचा कसा हेही शिकवावं. या मुलाचा एकूण बुद्ध्यंक 99 आला. या मोजमापात सरासरी 100 धरलेली असते आणि दर तीन मुलांपैकी साधारण दोन मुलं 85 ते 115 मध्ये असतात. शिवाय आज 99 आलं तर खरा आकडा साधारण 94 ते 104 मध्ये कुठेही असू शकतो. वजनकाट्यासारखी अचूकता इथे नसते.

पण या मुलाबाबत 99 हा आकडाच दिशाभूल करणारा आहे. शब्द समजून विचार करण्याचा त्याचा निर्देशांक 118 आहे, तर कागदावर वेगाने काम करण्याचा 80. इतकी तफावत असली की एकूण आकडा फारसं काही सांगत नाही. बाईंनी शंभर मुलांची रांग काढून दाखवली. समजुतीच्या रांगेत साधारण 88 मुलं त्याच्या मागे, तर वेगाच्या रांगेत जेमतेम 9. इथे घरच्यांचा हमखास गोंधळ होतो. पर्सेंटाइल 9 म्हणजे शंभरपैकी 9 गुण असं वाटून आई हादरते. म्हणून कागदावर रांगच काढावी आणि 'हे मार्क नाहीत' असं शब्दांत सांगावं.

मग बाईंनी वही उघडून मुलाचाच प्रश्न वाचून दाखवला. "ढ आहेस का? नाहीस. समजण्यात तू बहुतेकांच्या पुढे आहेस. वाचायला आणि लिहायला मात्र तुला बराच जास्त वेळ लागतो, आणि तो दिवसभर लागतो. याला अध्ययन अक्षमता म्हणतात." नाव घेतलंच पाहिजे. ते नाव पुढे कागदांवर दिसणारच असतं, आणि ते पहिल्यांदा बाईंच्या तोंडून स्पष्टीकरणासह ऐकणं वर्गमित्राकडून चिडवलं जाताना ऐकण्यापेक्षा बरं.

"दहावीपर्यंत बरं होईल?" या प्रश्नाला गोड खोटं उत्तर द्यायचा मोह होतो. खरं उत्तर असं: योग्य पद्धतीने शिकवलं तर वाचन सुधारेल, पण वेग बहुधा इतरांपेक्षा कमीच राहील. त्यासाठी परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. मात्र खासगी रिपोर्ट म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, ते ठरवून दिलेल्या सरकारी व्यवस्थेतूनच मिळतं. म्हणून 'सवलत मिळेलच' असं वचन या बैठकीत देऊ नये.

तिसरा थर सर्वांत नाजूक असतो. वाक्यपूर्तीच्या चाचणीत त्याने तीन ठिकाणी अभ्यासाची थट्टा केली होती आणि एका ठिकाणी लिहिलं होतं, 'मला भीती वाटते, मोठ्याने वाचायची.' घरी तो 'मला अभ्यासात रसच नाही' असं सांगायचा. बाईंनी निष्कर्ष त्याच्यावर लादला नाही. "मला असं वाटलं, की नापास होण्यापेक्षा सर्वांसमोर अडखळणं तुला जास्त बोचतं. रस नाही म्हटलं की कुणी वाचायला लावत नाही. माझं चुकतही असेल. तुला काय वाटतं?"

मुलगा हसला. "तसं काही नाही." आणि त्याचा हात मोबाइलकडे गेला.

अशी हसण्यावारी नेणं, प्रत्येक वाक्याला 'हो हो' म्हणणं, एकदम गप्प होणं, ही सगळी गोष्ट लवकर आणि जास्त सांगितली गेल्याची खूण असते. तिथे पुरावे मांडून मुलाला कबूल करायला लावलं, तर बाईंचा मुद्दा सिद्ध होईल आणि मुलगा हातचा जाईल. बाई थांबल्या. "बरं. मग वाचायची पाळी येते तेव्हा काय होतं, ते तूच सांग." थोड्या वेळाने त्याने सांगितलं, की मराठीच्या तासाला तो ओळी मोजून आपला परिच्छेद आधी पाठ करतो, आणि सरांनी मधूनच कुणाला उठवलं तर पाण्याच्या निमित्ताने बाहेर जातो. त्याने बाईंचं म्हणणं मान्य केलं नाही, पण त्याहून नेमकी माहिती दिली. रिपोर्टमध्ये मग त्याचेच शब्द गेले.

शेवटी आई-बाबांना आत बोलावलं. बाईंनी मुलालाच विचारलं, "तू सांगतोस की मी?" तो म्हणाला, "तुम्ही सांगा, पण ते दोन कागद मी दाखवतो." बाबा दोन्ही कागद आलटून पालटून बघत राहिले. वर्गात त्याला अचानक वाचायला उठवू नये, एवढीच गोष्ट शाळेला लगेच कळवायची असं चौघांनी मिळून ठरवलं. बाकीचं प्रमाणपत्रानंतर. आठवड्याने बाईंनी मुलाच्या नावाने एका पानाचं पत्र दिलं, मोठ्या टायपात आणि छोट्या वाक्यांत. ज्याला वाचायला जड जातं त्याच्या हातात पंधरा पानी इंग्रजी रिपोर्ट देऊन उपयोग नसतो.

तुमच्या मुलाच्या किंवा मुलीच्या चाचण्या होणार असतील, तर फी ठरवतानाच विचारा: निकाल तिला किंवा त्याला स्वतंत्र बसून सांगणार का, आणि त्याला किती वेळ देणार? उत्तर 'आम्ही पालकांशी बोलतो' असं आलं, तर तो एक तास मागून घ्या.