मिठाने ओळखलेला इलेक्ट्रॉन

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वाट्याला हा प्रयोग येतो. पोटॅशियम परसल्फेट आणि पोटॅशियम आयोडाइड यांची पाण्यातली द्रावणे एकत्र करायची. परसल्फेट आयोडाइडपासून हळूहळू आयोडिन तयार करत जाते. मिश्रणात आधीच थोडे थायोसल्फेट आणि स्टार्च टाकलेले असते. थायोसल्फेट आहे तोवर ते तयार होणारे आयोडिन लगेच गिळून टाकते आणि मिश्रण पाण्यासारखे स्वच्छ दिसते. ते संपले की पुढच्या क्षणी सगळे निळे होते. द्रावणे मिसळल्यापासून निळा रंग येईपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचवर घ्यायचा. वेळ जितका कमी, तितकी अभिक्रिया वेगवान.

इथवर नवल काही नाही. पण पुढच्या फ्लास्कमध्ये सगळे तसेच ठेवून फक्त थोडे पोटॅशियम नायट्रेट विरघळवायचे. नायट्रेटचा या अभिक्रियेशी काही संबंध नाही, ते ना खर्च होते ना त्यातून काही तयार होते. तरी निळा रंग आधी येतो. आणखी नायट्रेट टाकले तर त्याहून आधी.

जेन्शियन व्हायोलेट घेतले तर उलटा प्रकार दिसतो. तोंड आल्यावर किंवा खरचटल्यावर लावतात तेच जांभळे औषध. त्यातला मुख्य रंग क्रिस्टल व्हायोलेट. त्याच्या पातळ द्रावणात कॉस्टिक सोडा घातला की जांभळा रंग हळूहळू उडतो. या मिश्रणात साधे मीठ घातले की रंग उडायला जास्त वेळ लागतो.

म्हणजे मीठ एका अभिक्रियेला ढकलते आणि दुसरीला रोखते. दोन्हींतला फरक प्रभाराचा आहे. परसल्फेटवर दोन ऋण प्रभार असतात आणि आयोडाइडवर एक, म्हणजे दोघेही ऋण. क्रिस्टल व्हायोलेटचा आयन मात्र धन आणि कॉस्टिक सोड्यातला हायड्रॉक्साइड ऋण. सारख्या प्रभाराच्या आयनांची अभिक्रिया मिठाने वाढते, विरुद्ध प्रभाराची मंदावते, आणि दोघांपैकी एकावर प्रभारच नसेल तर पातळ द्रावणात मिठाने जवळजवळ काही फरक पडत नाही.

याचे उत्तर आयनांच्या भोवतालात आहे. पाण्यात मीठ विरघळले की त्याचे धन आणि ऋण आयन सुटे होऊन फिरतात, पण अगदी समान पसरून नाही. एखाद्या ऋण आयनाभोवती क्षणोक्षणीची सरासरी काढली तर धन आयन किंचित जास्त आणि ऋण आयन किंचित कमी सापडतात. आयनाभोवतीचे हे विरुद्ध प्रभाराचे विरळ आवरण त्याची ऊर्जा थोडी उतरवते, त्याला स्थैर्य देते. पीटर डिबाय आणि एरिख ह्युकेल यांनी १९२३ मध्ये याचे गणित मांडले. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की हे स्थैर्य प्रभाराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दोन प्रभारांच्या आयनाला एका प्रभाराच्या आयनाच्या चौपट, तीन प्रभारांच्या आयनाला नऊपट.

आता परसल्फेट आणि आयोडाइड एकमेकांना भिडतात तो क्षण घ्या. अभिक्रिया पूर्ण होण्याआधी दोघांची एक तात्पुरती जोडी बनते. तिच्यावर दोन अधिक एक, असे तीन ऋण प्रभार. सुटे असताना दोघांना मिळणारे स्थैर्य चार अधिक एक म्हणजे पाच मापे, जोडीला मिळणारे नऊ मापे. मीठ वाढवले की जोडीचा फायदा सुट्या आयनांपेक्षा जास्त वाढतो, जोडी बनणे सोपे होते आणि वेग चढतो. क्रिस्टल व्हायोलेटच्या बाबतीत धन एक आणि ऋण एक मिळून जोडीवर प्रभार शून्य. सुट्या आयनांना मिळत होती ती दोन मापे, जोडीला काहीच नाही. मीठ जितके जास्त, तितके सुटे राहणे फायद्याचे, म्हणून वेग घटतो. मीठ आयनांमधला तिटकारा किंवा ओढ झाकते, असे पुस्तकांत सहसा लिहिलेले असते. ते चूक नाही, पण मला वर्गांची ही वजाबाकी जास्त पटते, कारण तिच्यातून आकडा निघतो. नऊमधून पाच गेले चार, म्हणजे दोन्ही प्रभारांच्या गुणाकाराची दुप्पट. कोणतेही दोन प्रभार घेतले तरी वजाबाकी अशीच सुटते, आणि गुणाकार ऋण आला की उत्तरही ऋण.

कोपनहेगनचे योहानेस ब्रॉन्स्टेड यांनी या तात्पुरत्या जोडीची कल्पना १९२२ मध्येच मांडली होती आणि त्यांच्याच शहरातल्या नील्स ब्येरुम यांनी १९२४ मध्ये तिला वेगळा आधार दिला. डिबाय-ह्युकेलचे गणित मधल्या वर्षी आले आणि दोन्ही जोडून पाण्यासाठी २५ अंश सेल्सियसला हे सूत्र मिळते:

log k = log k₀ + 1.02 zA zB √I

k हा अभिक्रियेचा वेगस्थिरांक, k₀ हा मीठच नसताना जो असता तो. zA आणि zB हे दोन आयनांचे प्रभार, चिन्हासकट. आणि I म्हणजे आयनिक स्ट्रेंथ, आयनी तीव्रता. हे माप गिल्बर्ट लुइस आणि मर्ल रँडल यांनी १९२१ मध्ये सुचवले. द्रावणातल्या प्रत्येक आयनाची संहती घ्यायची, तिला त्याच्या प्रभाराच्या वर्गाने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करून निम्मी करायची. साध्या मिठाच्या ०.०१ मोलर द्रावणाची आयनी तीव्रता ०.०१ येते. तितक्याच संहतीच्या मॅग्नेशियम सल्फेटची ०.०४, कारण त्याच्या दोन्ही आयनांवर दोन-दोन प्रभार आहेत. द्रावणात क्षार कोणता आहे यापेक्षा ही बेरीज किती आहे, याला पातळ द्रावणात जास्त महत्त्व.

सूत्र प्रत्यक्षात उतरते का? किंग आणि जेकब्स यांनी परसल्फेट-आयोडाइडवर १९३१ मध्ये मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांच्या मालिकेत आयनी तीव्रता ०.००२४५ पासून ०.०१२४५ पर्यंत नेली होती. त्यांची वर्गमुळे सुमारे ०.०५० आणि ०.११२, फरक ०.०६२. प्रभारांचा गुणाकार ऋण दोन गुणिले ऋण एक, म्हणजे अधिक दोन. १.०२ गुणिले २ गुणिले ०.०६२ म्हणजे ०.१२७, आणि हा लॉग उलटवला की वेग १.३४ पट व्हायला हवा. त्यांच्या मोजणीत तो सुमारे १.३२ पट झाला. वेगाच्या प्रयोगांत इतकी जवळीक नेहमी मिळत नाही.

एम.एस्सी.च्या प्रयोगात मात्र आकडे इतके गोड येत नाहीत, आणि याची कारणे ठरलेली आहेत. पहिले म्हणजे अभिक्रिया करणारे पदार्थसुद्धा आयनच आहेत, हे विसरले जाते. मिश्रणात आयोडाइड ०.०२ मोलर आणि परसल्फेट ०.०१ मोलर असेल तर नायट्रेटचा कणही न घालता आयनी तीव्रता ०.०५ झालेली असते, कारण परसल्फेटचा एकट्याचा वाटा ०.०३ असतो. ज्याला आपण 'मिठाशिवाय' म्हणतो, तो फ्लास्क आलेखावर शून्यापाशी बसतच नाही. शिवाय ०.०५ पासून ०.२० पर्यंत गेलो तर वरचे सूत्र वेग २.९ पट होईल म्हणते. पण ते पातळ द्रावणासाठीचे टोकाचे रूप आहे. साधारण ०.०१ च्या पुढे √I च्या जागी √I/(1+√I) घ्यावे लागते, आणि मग उत्तर सुमारे १.८ पट येते. प्रयोगवहीतला आलेख उजवीकडे वाकलेला दिसला तर त्याचा दोष विद्यार्थ्याच्या हातावर टाकू नये.

याहून खोल अडचण १९४९ मध्ये ऑल्सन आणि सिमॉन्सन यांनी दाखवली. सारख्या प्रभाराच्या आयनांची अभिक्रिया असेल तर द्रावण दाट होऊ लागल्यावर वेग आयनी तीव्रतेने नीट ठरत नाही. तो बव्हंशी विरुद्ध प्रभाराच्या आयनांची संहती आणि त्यांचा प्रकार यांवर ठरतो. परसल्फेट-आयोडाइडमध्ये हे काम धन आयनांचे. तिथे आयनी तीव्रता तितकीच ठेवून पोटॅशियमऐवजी सोडियमचा क्षार घेतला तर वेग तोच राहील असे गृहीत धरता येत नाही. दोन ऋण आयनांच्या मधे नेमका कोण येऊन बसतो, हे सरासरी आवरणाच्या गणितात मावत नाही.

विरुद्ध प्रभाराच्या प्रयोगात चूक वेगळ्या वाटेने शिरते. क्रिस्टल व्हायोलेटचा रंग उडण्यात हायड्रॉक्साइडची कोटी किती, हे काढायला कॉस्टिक सोडा ०.०१ वरून ०.०२ मोलर केला तर वेग दुप्पट व्हायला हवा. पण त्याच वेळी आयनी तीव्रताही दुप्पट झालेली असते, आणि तिने वेग सुमारे नऊ टक्क्यांनी मागे खेचलेला असतो. मोजायला मिळतो १.८ पट, आणि कोटी एकाऐवजी ०.८६ निघते. म्हणून जाणता माणूस प्रत्येक फ्लास्कमध्ये हिशेबाने साधे मीठ घालून आयनी तीव्रता समान करून घेतो. मगच बाकीचे बदलतो.

हा सगळा खटाटोप वेगाच्या हिशेबात आलेला एक अडथळा दूर करण्यासाठी होता, असे कोणालाही वाटेल. पण सूत्र उलटेही वापरता येते. मीठ वाढवत जाऊन आलेखाचा चढ मोजला तर त्यातून प्रभारांचा गुणाकार मिळतो. एका आयनाचा प्रभार माहीत असेल तर दुसऱ्याचा कळतो, मग तो दुसरा कण कोणी पाहिलेला नसला तरी.

असा एक कण होता. पाण्यावर क्ष-किरण किंवा गॅमा किरण पडले की त्यात काहीतरी क्षपण करणारे, म्हणजे इतरांना इलेक्ट्रॉन देऊन टाकणारे, तयार होते. तो मोकळा हायड्रोजन अणू असावा, असे रसायनशास्त्रज्ञ बरीच वर्षे धरून चालले होते. हायड्रोजन अणूवर प्रभार नसतो. १९६२ मध्ये गिदोन चापस्की आणि हॅरॉल्ड श्वार्ट्झ यांनी मिठाची कसोटी लावली. या कणाचा हायड्रोजन पेरॉक्साइडशी होणारा वेग त्यांनी मापदंड म्हणून घेतला, कारण पेरॉक्साइडवर प्रभार नाही. त्याच्याशी तुलना करत त्यांनी आम्लातला हायड्रोजन आयन, नायट्राइट आणि ऑक्सिजन यांच्याशी होणारे वेग वेगवेगळ्या आयनी तीव्रतेला तपासले. कण जर हायड्रोजन अणू असता तर तिन्ही रेषा आडव्या यायला हव्या होत्या.

हायड्रोजन आयनाची रेषा खाली उतरली. नायट्राइटची तितक्याच चढाने वर गेली. ऑक्सिजनची आडवी राहिली. धन एकशी गुणाकार ऋण एक, ऋण एकशी अधिक एक, शून्याशी शून्य: हे एकाच प्रभाराने जुळते, ऋण एकने. पाण्याच्या रेणूंनी वेढलेला सुटा इलेक्ट्रॉनच तिथे होता. त्याच वर्षी एडविन हार्ट आणि जॅक बोग यांनी किरणांचा क्षणिक झोत पाण्यावर सोडून त्याचा वर्णपट टिपला. तो लाल प्रकाश शोषतो, ७०० नॅनोमीटरच्या किंचित पुढे सर्वांत जास्त.