सोप्या स्तरावरही न उघडणारं शटर

आपण एक छोटा गेम बनवतोय असं धरू. नायिका अंधाऱ्या गोदामात शिरते, लोखंडी शटर वर ढकलते आणि तेवढ्यात मागून पहारेकरी येतो. खेळाडूने ‘सोपा’ स्तर निवडला, तर पहारेकऱ्याचा मार कमी लागेल. पण शटर उघडायला बटण भराभर दाबावंच लागेल आणि पहारेकऱ्याची चाहूल फक्त पावलांच्या आवाजावरून लागेल. ज्याची बोटं तेवढी चालत नाहीत किंवा ज्याला ऐकू येत नाही, तो इथेच अडकेल.

म्हणून आधी प्रत्येक प्रसंगापुढे लिहून ठेवावं, की हा प्रसंग बोटांकडून काय मागतो आणि कानांकडून काय. पुढचं सगळं काम या यादीवर चालतं.

आता बटणं. प्रोग्राममध्ये ‘उडी’ ही कृती आणि ती करणारं बटण वेगळं ठेवावं, म्हणजे कोणतीही कृती खेळाडूला सोयीच्या बटणावर नेता येते. इथली नेहमीची चूक म्हणजे बटण बदललं, तरी पडद्यावरची सूचना जुनंच बटण दाखवत राहते. कोणती कृती कोणत्या बटणावर आहे, त्या नोंदीतूनच सूचनेतलं चित्रही यायला हवं.

मग दाबण्याची पद्धत. शटरसाठी दोन पर्याय द्यावेत: भराभर दाबा किंवा नुसतं दाबून धरा. पण दाबून धरणंही कित्येकांना जमत नाही. नेम धरणं, धावणं अशा कृतींना म्हणून ‘एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद’ अशी सोय द्यावी, आणि ती प्रत्येक कृतीला स्वतंत्र. सगळ्यांना मिळून एकच स्विच देणं मला चुकीचं वाटतं, कारण एकाच माणसाला नेम धरून ठेवता येतो, पण धावण्याचं बटण धरवत नाही. यात एक खोच आहे. मधली चित्रफीत संपल्यावर नेम चालूच राहिला, तर नायिका हलेनाशी होते आणि का, ते कळत नाही. तेव्हा प्रसंग बदलला की ही स्थिती बंद करावी आणि चालू असताना पडद्यावर खूण दाखवावी.

आता कानांचं. संवादांची सबटायटल्स दिली की काम झालं असं अनेकांना वाटतं. पण पहारेकरी बोलतच नाही. ‘पावलांचा आवाज’ एवढं लिहूनही भागत नाही, कारण ऐकणाऱ्याला पावलं डावीकडून येताहेत हेही कळत असतं. ‘फोर्टनाइट’मध्ये पडद्याच्या मध्याभोवती, आवाज येतो त्या दिशेला, पावलांचं किंवा गोळीबाराचं चिन्ह उमटतं. आपल्यालाही तसंच करता येईल. मात्र पाऊस, पंखा, कुत्रं अशा सगळ्याच आवाजांना चिन्हं दिली, तर पहारेकरी त्यात हरवतो. ज्या आवाजावर खेळाडूला काही करावं लागतं, त्यालाच चिन्ह द्यावं. आवाज पूर्ण बंद करून गोदाम पार होतं का, हे स्वतः खेळून पाहावं. त्यानंतर ज्यांच्यासाठी हे केलं, त्यांच्या हाती गेम द्यावा.

शेवटी या पर्यायांची जागा. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये असे साठाहून अधिक पर्याय आहेत आणि गेम पहिल्यांदा सुरू करतानाच ते समोर येतात. आपले पर्याय पहिल्या प्रसंगानंतरच्या मेनूत असतील, तर शटरपाशी अडकलेला खेळाडू तिथवर पोचणारच नाही.