चुकांची बेरीज शून्य, तरीही रेषा चुकीची

स्टँडला एक स्प्रिंग टांगली आहे, शेजारी मोजपट्टी उभी केली आहे. स्प्रिंगच्या टोकाला शंभर-शंभर ग्रॅमची वजनं एकेक करून अडकवायची आणि दर वेळी तिची लांबी वाचायची. समजा, रिकाम्या स्प्रिंगची लांबी १०.२ सेंमी भरली आणि पुढे १०० ग्रॅमला १२.१, २०० ला १४.४, ३०० ला १६.० आणि ४०० ला १८.३ सेंमी. हूकच्या नियमाप्रमाणे हे पाचही ठिपके एका सरळ रेषेत यायला हवेत. आलेखावर मांडले की ते जवळपास येतात, पण नेमके येत नाहीत. पट्टी वाचताना डोळा कुठे वर असतो, कुठे खाली. मग रेषा काढायची कुठून?

रेषेचं समीकरण y = mx + c. इथे x म्हणजे किती शंभर ग्रॅम, y म्हणजे लांबी, m हा रेषेचा चढ आणि c ही रिकाम्या स्प्रिंगची लांबी. m आणि c ठरवले की प्रत्येक वजनाला रेषा एक लांबी सांगते. प्रत्यक्ष वाचलेली लांबी आणि रेषेने सांगितलेली लांबी यांतला फरक ही त्या ठिपक्याची चूक. ती उभ्या दिशेनेच मोजायची, कारण वजनं अचूक धरली आहेत आणि गडबड फक्त लांबी वाचण्यात आहे.

या चुकांची नुसती बेरीज शून्य व्हावी, एवढी अट पुरत नाही. पाच लांबींची सरासरी १४.२ आहे. त्या उंचीवर अगदी आडवी रेषा ओढली तरी वरच्या-खालच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज शून्य येते. ती रेषा मात्र सांगते की वजन लावून स्प्रिंग ताणलीच जात नाही! पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे हे मोजमापांवरून ठरवताना बॉस्कोविच या विद्वानाने १७५७ च्या सुमारास म्हणूनच दोन अटी घातल्या. चुकांची बेरीज शून्य हवी, आणि उणे चिन्ह सोडून केलेली बेरीज कमीत कमी हवी. कल्पना उत्तम होती, पण चिन्ह सोडून केलेल्या बेरजेच्या आलेखाला जागोजागी कोपरे पडतात, त्यामुळे ती कॅल्क्युलसच्या हातात सहज येत नाही.

१८०५ साली लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकाला जोडलेल्या परिशिष्टात वेगळी वाट दाखवली. प्रत्येक चुकेचा वर्ग करा आणि त्या वर्गांची बेरीज कमीत कमी करा. (ही पद्धत आपण १७९५ पासून वापरत होतो, असं गाऊसने १८०९ मध्ये म्हटलं आणि दोघांत श्रेयाचा वाद पेटला.) वर्ग केल्यावर उणे चिन्ह आपोआप जातं आणि बेरीज गुळगुळीत राहते. या बेरजेला S म्हणू. m आणि c बदलत गेलं की S बदलते आणि तिचा आकार एखाद्या खोलगट वाडग्यासारखा होतो. आपल्याला हवा आहे त्याचा तळ.

तळाशी कुठल्याही दिशेने चढ नसतो. म्हणून m स्थिर ठेवून फक्त c किंचित हलवायचा आणि S किती वेगाने बदलते ते पाहायचं, मग c स्थिर ठेवून m हलवायचा. हे दोन वेग म्हणजेच S चे आंशिक अवकलज. दोन्ही शून्य झाले की आपण तळाशी पोचलो. c किंचित वाढवला की सगळी रेषा तेवढीच वर सरकते आणि प्रत्येक चूक सारखीच बदलते. m वाढवला की रेषा कलते; x = ० पाशी काहीच हलत नाही, x = ४ पाशी चौपट हलतं. म्हणून दुसऱ्या अवकलजात प्रत्येक चूक तिच्या x ने गुणली जाते:

∂S/∂c = −२ Σ(y − mx − c) = ०
∂S/∂m = −२ Σx(y − mx − c) = ०

पहिलं समीकरण म्हणतं की चुकांची बेरीज शून्य. बॉस्कोविचने जी अट मुद्दाम घातली होती, ती इथे न मागता मिळते. दुसरं म्हणतं की x ने गुणलेल्या चुकांची बेरीजही शून्य, म्हणजे उरलेल्या चुकांत चढता किंवा उतरता कल शिल्लक नाही. आडवी रेषा इथेच बाद होते.

आकडे भरू. x ची बेरीज १०, x च्या वर्गांची ३०, y ची ७१.०, आणि x-y गुणाकारांची १६२.१.

५c + १०m = ७१.०
१०c + ३०m = १६२.१

पहिल्याची दुप्पट दुसऱ्यातून वजा केली की १०m = २०.१ उरतं. म्हणजे m = २.०१ आणि c = १०.१८. दर शंभर ग्रॅमला स्प्रिंग २.०१ सेंमी ताणली जाते, म्हणजे तिचा स्थिरांक मीटरला सुमारे ४९ न्यूटन. चुका आल्या ०.०२, −०.०९, ०.२०, −०.२१ आणि ०.०८. बेरीज करून पाहा, शून्य येते. वाचकाने ही बेरीज हाताने जरूर करावी; आकडेमोडीत घसरलो असलो तर ती चूक बऱ्याचदा इथेच पकडली जाते.

पण ही बेरीज फक्त आकडेमोड तपासते, नोंदी तपासत नाही. समजा, शेवटची लांबी वहीत उतरवताना १८.३ चे १३.८ झाले. तीच दोन समीकरणं आता m = १.११ आणि c = ११.०८ देतात. तीच स्प्रिंग पावणेदोनपटीहून जास्त ताठ झाली. नव्या चुका −०.८८, −०.०९, १.१०, १.५९, −१.७२. बेरीज पुन्हा शून्य, x ने गुणूनही शून्य. दोन्ही अटी काटेकोर पाळून रेषा चुकली. दोष वर्ग करण्यात आहे. ४.५ सेंमीच्या चुकेचा वर्ग इतका मोठा होतो की तो कमी करण्यासाठी रेषा त्या ठिपक्याकडे झुकते आणि बाकीचे चार खरे ठिपके वाऱ्यावर सोडते.

चूक कुठे झाली यालाही महत्त्व आहे. तेवढीच ४.५ सेंमीची चूक मधल्या, २०० ग्रॅमच्या नोंदीत झाली असती, तर m जसाच्या तसा २.०१ राहिला असता. मधला ठिपका रेषेला खाली ओढू शकतो, कलवू शकत नाही. टोकाचा ठिपका मात्र तरफेच्या टोकाला हात घातल्यासारखा रेषा फिरवतो. म्हणून प्रयोगात सगळ्यात हलकं आणि सगळ्यात जड वजन दोनदा वाचावं, असं मला ठामपणे वाटतं.

बिघाड ओळखायचा असेल तर उरलेल्या चुका ओळीने मांडाव्यात. पहिल्या, बरोबर वाचलेल्या नोंदींत अधिक-उणे अधूनमधून बदलतात आणि आकडे लहान आहेत. बिघडलेल्या नोंदींत दोन्ही टोकं उणे आणि मध्ये अधिक, अशी कमान दिसते. स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त ताणली गेली आणि हूकचा नियमच सुटला, तरीही अशी एकाच दिशेने वाकलेली रांग दिसते. तिथे मात्र नोंद खरी असते आणि सरळ रेषाच अपुरी पडते. म्हणून कमान दिसली की लगेच नोंद खोडू नये.

मोठ्या चुकेचा आकडाही फसवा असतो. ४.५ सेंमीचा घोटाळा रेषेने झुकून १.७२ वर आणून ठेवला होता. संशय आलेला ठिपका बाजूला ठेवून उरलेल्या चारांवरून पुन्हा रेषा काढली, तर m = १.९७ आणि c = १०.२२ येतात. ही रेषा ४०० ग्रॅमला १८.१ सेंमी सांगते आणि वहीत लिहिलंय १३.८. आता फरक ४.३ सेंमी दिसतो, आणि ८ व ३ कुठे उलटे पडले तेही.