समोरच्याच्या डोक्यावरून

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजांमध्ये हल्ली 'ऑडिटोरियम' बांधायची हौस आहे. संगमरवरी कोनशिला, मखमली पडदा, छताला शोभिवंत दिवे, सगळं जागच्या जागी असतं. एकांकिका सुरू झाली की मात्र पाचव्या रांगेच्या मागची मुलं एकेक करून उठतात आणि भिंतीला टेकून उभी राहतात. त्यांना नट दिसतो तो छातीपासून वर. तो खाली बसला की दिसेनासाच होतो. खोटं कुणाला वाटत असेल तर त्यानं असा एखादा प्रयोग मागून पाहावा.

असं का होतं, ते थोड्याशा गणितात कळतं. खुर्चीत बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण 112 सेंटिमीटरवर असतो आणि डोळ्यापासून टाळूपर्यंत 12 सेंटिमीटर धरतात. (अंबाडा, त्यावरचा गजरा आणि फेटा यांचा हिशेब यात नाही.) आता सपाट जमिनीवर 90 सेंटिमीटरच्या अंतरानं रांगा लावल्या आणि रंगमंच 75 सेंटिमीटर उंच केला. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाचे डोळे मंचाच्या कडेपासून तीन मीटरवर आहेत. दहाव्या रांगेतला माणूस समोरच्याच्या टाळूला घासून जाणारी नजर पुढे नेईल तेव्हा ती मंचाच्या कडेशी पोचेपर्यंत मंचाच्या फळीपासून 1.85 मीटर वर गेलेली असेल. म्हणजे सहा फुटी नट कडेला येऊन उभा राहिला तरी त्याचा केससुद्धा दिसायचा नाही. प्रत्यक्षात आपण दोन डोक्यांच्या फटीतून बघतो, मान तिरकी करतो, म्हणून काहीतरी दिसतं. मागच्याची मान मग उलट्या बाजूला जाते आणि हे लोण शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं.

उपाय म्हणजे उतार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती उतार, इथं गाडी अडते. बहुतेक ठिकाणी ठेकेदार 'प्रत्येक रांगेला सहा इंच' असं ठरवून मोकळा होतो. पण ठरवण्याची पहिली गोष्ट उतार नाहीच. प्रेक्षकाला नेमकं काय दिसायला हवं, हे आधी ठरवावं लागतं. नाटक असेल तर नटाचे पाय, म्हणजे मंचाची पुढची कड. निव्वळ व्याख्यान असेल तर फळ्याची खालची कड. या एका निर्णयावर दालनाचं सगळं रूप अवलंबून असतं.

दहा रांगांचं दालन घेऊ. समोरच्याच्या डोळ्याच्या वरून 12 सेंटिमीटर मोकळी नजर जावी, ही अट ठेवू. त्या दालनात फक्त वर्ग भरणार असतील, फळ्याची खालची कड दालनाच्या जमिनीपासून 1.65 मीटरवर असेल आणि फळा मंचाच्या कडेपासून दीड मीटर आत असेल, तर शेवटची रांग पहिलीपेक्षा जेमतेम 90 सेंटिमीटर उंच हवी. त्याच दालनात मंचाच्या कडेवरचे पाय दिसायला हवे असतील, तर शेवटची रांग तब्बल 3.1 मीटर उंच न्यावी लागते. खोली तीच, माणसं तीच, पण एकात मागच्या बाजूला पाच-सहा पायऱ्यांची चढण आणि दुसऱ्यात जवळजवळ अख्खा मजला.

चढण सारखीही नसते. मागे जावं तसतशी प्रत्येक रांगेची उंची वाढत जाते. नाटकाच्या हिशेबात दुसऱ्या रांगेला 27 सेंटिमीटर पुरतात, दहाव्या रांगेला 40 लागतात. बाजूनं पाहिलं तर उताराची रेघ सरळ न राहता हळूहळू वर वळते. या वक्राचा सिद्धांत जॉन स्कॉट रसेल या स्कॉटिश इंजिनिअरनं 1838 मध्ये मांडला. कालव्यातल्या एका एकट्या लाटेमागे घोडा दौडवत गेलेला आणि त्यामुळे भौतिकशास्त्रात नाव राहिलेला रसेल तो हाच. पुढे शिकागोच्या 1889 च्या ऑडिटोरियम थिएटरमध्ये डँकमार अॅडलरनं हा वक्र वापरला. ठेकेदाराच्या सरसकट सहा इंचांचा घोळ असा की ते पुढच्या रांगांना उगाच जास्त आणि मागच्यांना कमी पडू शकतात.

तीन मीटरची चढण कुठल्याही छोट्या संस्थेला झेपायची नाही. छत उंच न्यावं लागेल, खर्च वाढेल, म्हाताऱ्या माणसांना वर चढवेल कोण? तेव्हा हा आकडा खाली आणण्याचे दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही जवळजवळ फुकटचे आहेत.

पहिला मार्ग खुर्च्या मागंपुढं न ठेवता आडव्या सरकवण्याचा. एका रांगेत 12 खुर्च्या, पुढच्या रांगेत 11, पुन्हा 12. प्रत्येकाच्या समोर खुर्ची येत नाही, दोन खुर्च्यांमधली फट येते. मग समोरच्याच्या डोक्यावरून बघायची गरज उरत नाही, त्याच्याही पुढच्याच्या डोक्यावरून पाहिलं की झालं. त्यामुळे 12 सेंटिमीटरच्या जागी दर रांगेला 6 सेंटिमीटर पुरतात आणि चढण 3.1 मीटरवरून 2.05 मीटरवर येते. दहा रांगांत खुर्च्या कमी झाल्या फक्त पाच, 120 च्या 115. याला मर्यादाही आहे. फट मिळते ती समोर सरळ बघणाऱ्याला. कडेच्या खुर्चीतून मंचाच्या मध्याकडे तिरकं पाहिलं की डोकी पुन्हा एका ओळीत येतात. म्हणून रांगांना थोडासा बाक द्यावा, म्हणजे प्रत्येक खुर्चीचं तोंड मंचाच्या मध्याकडे राहतं.

दुसरा मार्ग मंच उंच करण्याचा. 75 सेंटिमीटरचा मंच एक मीटरचा केला, तर हीच चढण 2.05 मीटरवरून 1.38 मीटरवर येते. मंचाला पाव मीटर वाढवलं आणि प्रेक्षागृहाचं पाऊण मीटरच्या आसपास वाचलं! याहून उंच मात्र जाऊ नये. एक मीटरच्या मंचाच्या कडेपेक्षा पहिल्या रांगेतला डोळा फक्त 12 सेंटिमीटर वर असतो. मंच आणखी वाढवला तर पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना नटांची पावलं दिसायची बंद होतील.

आता प्रत्यक्ष पायऱ्या. गणितानं दुसऱ्या रांगेला 11 सेंटिमीटर आणि दहाव्या रांगेला 18 सेंटिमीटर दिले. दर रांगेला वेगळी उंची गवंड्याला नकोशी आणि अंधारात चालणाऱ्या पायाला त्याहून नकोशी, कारण पाय मागच्या पायरीच्या अंदाजानं पुढची पायरी घेतो. म्हणून तीन-तीन रांगांचे गट करायचे: 14 सेंटिमीटरच्या तीन, 16 च्या तीन, 18 च्या तीन. एकूण 1.44 मीटर. गणिताच्या वक्रापेक्षा हे कुठंच खाली जात नाही. उंची जिथं बदलते तिथं पायरीच्या कडेला उजळ पट्टी आणि छोटा दिवा हवाच.

हे नकाशावर तपासता येतं, पण जागेवर तपासणं जास्त भरवशाचं. स्लॅब भरण्याआधी, सेंट्रिंग उभं असताना, 112 सेंटिमीटरच्या तीन काठ्या घ्या. मंचाच्या कडेच्या जागी दोरी बांधा आणि चौथ्या रांगेत उभ्या धरलेल्या काठीच्या टोकापर्यंत ताणा. दुसऱ्या रांगेतल्या काठीच्या टोकावरून ही दोरी साधारण 11 सेंटिमीटर वर गेली पाहिजे. दहाव्या रांगेतून ताणली तर आठव्या रांगेवरही जवळपास तेवढीच. काठीच्या टोकाला दोरी टेकली, तर तिथं बसणाऱ्याला तिकिटाचे पैसे परत द्यावे लागतील, असं समजा. सिमेंट ओतल्यावर या चुकीला उपाय नसतो.

उतार ठरला की बाहेर पडण्याचा प्रश्न त्याच्याशीच जोडलेला असतो, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं. मागचं दार आता जमिनीवर राहत नाही, ते 1.44 मीटर वर जातं. बाहेर त्या उंचीला सपाट ओटा हवा आणि मग पायऱ्या. दार उघडल्याबरोबर पायरी आली, तर घाईत पहिला माणूस पडणार आणि बाकीचे त्याच्यावर. चाकाच्या खुर्चीसाठी तिथून उताराचा रस्ता करायचा म्हटलं तर एकास बाराच्या हिशेबानं 17 मीटर लांबी लागते. म्हणून ती जागा खाली, पहिल्या रांगेच्या पातळीवर आणि पुढच्या दाराजवळ ठेवावी.

जाण्याच्या वाटा कुठं काढायच्या? आपल्याकडे मधोमध वाट काढायची सवय आहे, प्रमुख पाहुण्यांना मिरवत आणायला ती बरी पडते. पण त्या वाटेत दालनातल्या सगळ्यात चांगल्या खुर्च्या जातात आणि दोन्हीकडच्या रांगा भिंतीला जाऊन बंद होतात. ब्रिटिश नियमांत खुर्चीपुढे 30 सेंटिमीटर मोकळी जागा असेल, तर एकाच बाजूला वाट असलेल्या रांगेत 7 खुर्च्या आणि दोन्ही बाजूंना वाट असेल तर 14 खुर्च्या चालतात. आपल्या 12 खुर्च्यांच्या रांगेला म्हणून दोन्ही भिंतींलगत वाट हवी. 55 सेंटिमीटरच्या बारा खुर्च्या आणि 1.2 मीटरच्या दोन वाटा, म्हणजे बरोबर नऊ मीटर रुंदी.

आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडनुसार सभागृहाचं बाहेर जाण्याचं दार दोन मीटर रुंद हवं आणि दारापर्यंतचं अंतर 30 मीटरच्या आत. एवढ्याशा दालनात अंतराची अडचण येत नाही. अडचण येते दोन दारं एकाच भिंतीत शेजारीशेजारी काढल्यानं. आग किंवा धूर एका दाराशी असेल, तर दुसरंही गेलं. एक दार पुढे आणि एक मागे, विरुद्ध बाजूंना, दोन्ही बाहेरच्या दिशेनं उघडणारी, आतून कुलूप न लावता येणारी, एवढं पाळलं की बरंचसं काम झालं.

यातलं काहीच पाळलं नाही की काय होतं, ते दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 13 जून 1997 रोजी दिसलं. तळमजल्यावरच्या वाहनतळात ट्रान्सफॉर्मरनं पेट घेतला आणि धूर वर बाल्कनीत चढला. 59 माणसं गुदमरून गेली. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवलेल्या होत्या, उजवीकडची वाट बंद करून तिथं आठ खुर्च्यांचा खासगी बॉक्स केला होता. वीज गेल्यावर अंधार झाला आणि वाट दाखवणारे दिवे लागले नाहीत. मूळ नकाशात दारं होती. ती बंद झाली ती नंतर, आठ जणांना नीट बसवण्याच्या सोयीपायी.

आपल्या गॅदरिंगमध्ये याची छोटी आवृत्ती दरवर्षी होते. 115 खुर्च्या भरल्या की भिंतीलगतच्या वाटेत प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग लागते, आणि फुकटे आत येऊ नयेत म्हणून मागच्या दाराला बाहेरून कडी घातली जाते. पुढच्या कार्यक्रमाला संयोजकांनी दोनच कामं करावीत. पडदा उघडण्यापूर्वी दोन्ही दारं आतून ढकलून पाहावीत, आणि खुर्च्या भरल्या की प्रवेश बंद करावा.